आजी रात्री का पडल्या?

समजा, ७८ वर्षांच्या एका आजींना सर्दी झाली. मुलाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या रात्री आजी लघवीला उठल्या आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडल्या. सकाळी त्या नातवाला दिराच्या नावाने हाक मारत होत्या. ‘वय झालं आता,’ घरचे म्हणाले. पण वय काही तीन दिवसांत वाढत नाही.

आजींच्या डब्यात आधीपासून दोन गोळ्या होत्या. झोपेसाठी अल्प्राझोलाम आणि मधुमेहाने पायांची आग होते म्हणून अमिट्रिप्टिलीन. त्यात आता सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन आलं. हे नाव पाकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरात असतं, म्हणून सहसा कोणी वाचत नाही.

आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लाळ सुटण्यापासून मूत्राशय आकुंचन पावण्यापर्यंत बरीच कामं करतं. मेंदूत लक्ष आणि स्मरण त्याच्यावर चालतं. अमिट्रिप्टिलीन आणि क्लोरफेनिरामाइन दोन्ही त्याची वाट अडवतात. तरुण माणसाचं तोंड कोरडं पडून भागतं. म्हाताऱ्या मेंदूत या रसायनाची शिल्लक आधीच कमी, त्यात औषध शरीरातून बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो. शिवाय अमिट्रिप्टिलीनने उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो, आणि अल्प्राझोलामने तोल सावरायला उशीर होतो. एकेक गोळी आजींनी कदाचित पचवली असती. तिघींनी मिळून पाडलं.

ओळखायचं कसं? स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. औषधाचा गोंधळ काही दिवसांतच उभा राहतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. सोबत तोंड सुकणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं असेल तर संशय पक्का धरावा. मात्र लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा डोक्याला लागलेला मार यांचंही चित्र असंच दिसतं. म्हणून पडल्यानंतर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, गोळ्यांवर खापर फोडून घरी बसू नये.

अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी १९९१ मध्ये पहिल्यांदा केली. आजींच्या तिन्ही औषधांचे वर्ग तिच्या आजच्या आवृत्तीत आहेत. यादी म्हणजे बंदी नव्हे. पायांची आग खरीच असते, आणि अमिट्रिप्टिलीनला पर्याय शोधायचा की मात्रा कमी करायची, हे डॉक्टर ठरवतील. सर्दीची गोळी लगेच थांबवता येते. झोपेची रोजची गोळी मात्र एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, कधी काही महिने घेऊन उतरवावी लागते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पाकिटांची पिशवी सोबत न्या, सर्दीच्या गोळ्यांसकट.