रबरावर उभी शाळा आणि वऱ्हाडाचा हिशेब

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या किल्लारीत दोन एकमजली इमारती उभ्या राहिल्या, एक शाळा आणि एक बाजारसंकुल. भिंती विटांच्या, छत काँक्रीटचे. पण पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबरी बेअरिंग बसवलेले होते आणि खाली कठीण जमीन होती. बेस आयसोलेशनचे भारतातले हे पहिले प्रात्यक्षिक. पुढे 2001 च्या भूकंपानंतर भूजचे रुग्णालय याच तंत्राने बांधले गेले. आता प्रश्न वऱ्हाडाचा. सातपुड्यात 14 मार्च 1938 रोजी सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी अमरावती-अकोल्याचा पट्टा पसरलेला आहे. इथल्या दोन-तीन मजली इमारतींना हे तंत्र लावावे का? माझे उत्तर असे: रुग्णालयांना लावावे, घरांना नको. कारण हे तंत्र लोखंड वाचवत नाही, इमारत चालू ठेवते.

बेअरिंग म्हणजे रबराचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये पोलादी पत्रे, सगळे एकजीव केलेले. वरून भार आला की रबर बाजूंनी फुगू पाहते, पत्रे त्याला धरून ठेवतात, म्हणून बेअरिंग उभ्या भाराला ताठ राहते. आडवे ढकलले तर मात्र थर एकमेकांवर सरकल्यासारखे तिरपे होतात आणि ते लवचीक ठरते. अनेक बेअरिंगांत मधोमध शिशाचा दंड असतो. रोजच्या वाऱ्यात तो इमारत हलू देत नाही आणि भूकंपात स्वतः वाकून धक्क्याची ऊर्जा गिळतो.

आता हिशेब. 9 मीटर उंच, 16 मीटर रुंद, 900 टन वजनाची तीन मजली काँक्रीटची इमारत घेऊ. भारतीय भूकंप संहितेच्या 0.09h/√d या सूत्राने तिचा आवर्तकाल सुमारे 0.2 सेकंद येतो. नेमक्या एवढ्या जलद डोलणाऱ्या इमारतींना जमिनीचे हादरे सर्वांत जास्त झोंबतात. क्षेत्र तीनचा 0.16 हा गुणांक आणि मध्यम जमीन धरली, तर मोठ्या भूकंपात इमारतीने अजिबात न तडकता उभे राहायचे म्हटल्यास बेस शिअर वजनाच्या 40 टक्के होतो. तीच इमारत बेअरिंगवर ठेवली की सगळी वरची बांधणी एक ताठ ठोकळा आणि बेअरिंग म्हणजे एक स्प्रिंग, एवढेच गृहीत पुरते. आवर्तकाल 2 सेकंद हवा असेल, तर T = 2π√(M/K) वरून सर्व बेअरिंगांचा मिळून ताठरपणा सुमारे 8,900 किलोन्यूटन प्रतिमीटर ठेवावा लागतो. 15 टक्के अवमंदन धरले की बेस शिअर वजनाच्या साधारण 7.6 टक्क्यांवर येतो, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर. त्याची किंमत म्हणून इमारत जागेवरून साडेसात सेंटीमीटर सरकते. ठोकळ्याचे गृहीत इथे चालते, कारण दोन आवर्तकालांत दहापटीचा फरक आहे. इमारतच मुळात उंच आणि एका सेकंदाची असती, तर ते ढिले पडले असते आणि फायदाही आटला असता.

यावर अभियंता विचारेल, मग लोखंड किती वाचेल? जवळजवळ नाहीच. साध्या इमारतीचे डिझाइन 40 टक्क्यांसाठी होतच नाही. संहिता भूकंपाचा निम्माच जोर धरते, आणि तन्यतेसाठी पाचने भाग देऊन बेस शिअर 4 टक्क्यांवर आणते. मोठ्या भूकंपात तुळया आणि खांब तडकतील, पण इमारत कोसळणार नाही, असा तो करार आहे. बेअरिंगवरची इमारत मात्र पूर्ण भूकंपाचे 7.6 टक्के न तडकता झेलते. म्हणून दोन्ही इमारतींच्या डिझाइन अहवालांतले अंतिम आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे. घराच्या मालकाला तडे परवडतात. शस्त्रक्रियागृह भूकंपानंतर त्याच रात्री सुरू राहायला हवे.

दुसरा आक्षेप जमिनीचा, आणि तो जास्त खरा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. मऊ जमिनीत मंद हादरे वाढतात. संहितेचा मऊ जमिनीचा आलेख घेतला तर आपली इमारत सव्वानऊ सेंटीमीटर सरकते, कठीण जमिनीवर साडेपाच. खोल गाळाची स्वतःची लय दोन सेकंदांच्या जवळ गेली, तर आयसोलेशनने इमारत नेमकी अपायाच्या जागी नेऊन ठेवली असे होईल. 1985 मध्ये मेक्सिको शहरात जुन्या तळ्याच्या मातीने तशाच मंद लयीत इमारती पाडल्या. काळ्या मातीखाली मुरूम किंवा बेसाल्ट लवकर लागतो तिथे काम सोपे आहे. खोल गाळावर मात्र जागेचा स्वतंत्र अभ्यास झाल्याशिवाय बेअरिंगची ऑर्डर देऊच नये.

उरते ती देखभाल. सगळा हिशेब इमारत मोकळी सरकेल या एका अटीवर टिकतो. भोवतीच्या फटीत कुणी फरशी बसवली, पायऱ्या जोत्याला सिमेंटने जोडल्या, पाण्याची पाइपलाइन लवचीक जोडाविना आत नेली, की अट मोडते, आणि ही गोष्ट भूकंपापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखायला यंत्र लागत नाही. इमारतीला एक प्रदक्षिणा घालून फट सलग मोकळी आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. अमरावती-अकोल्यात नवे रुग्णालय बांधणाऱ्यांनी निविदेत बेअरिंगच्या दरासोबत दोन कलमे घालावीत: जमिनीची तपासणी आधी, आणि फटीची तपासणी दरवर्षी. ती घालायची तयारी नसेल, तर बेअरिंगचा पैसा चांगल्या तन्य काँक्रीट बांधकामावर खर्च करावा.