मनोऱ्यावरून गावाचा माग

अनोळखी गावाचा फोटो हाती आला आणि त्याच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नसलं, तर आधी क्षितिजरेषा पाहावी. देवळाचं शिखर, चर्चचा मनोरा किंवा मशिदीचा मिनार गावात सहसा सगळ्यांत उंच असतो. लांबून काढलेल्या पुसट फोटोतही त्याची बाह्यरेषा ओळखू येते.

देऊळ असेल तर पहिला प्रश्न असा: सर्वांत उंच भाग गाभाऱ्यावर आहे की प्रवेशद्वारावर? उत्तरेकडच्या नागर शैलीत उंची गाभाऱ्याला मिळते. शिखराची कड एका सलग वळणाने आत झुकत जाते आणि वर आमलक, म्हणजे कंगोरे असलेली जाड दगडी चकती, आणि त्यावर एकच कळस दिसतो. तमिळ मुलखात चढत गेलेले आडवे मजले दिसतात. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० सालचं, म्हणून तिथे गाभाऱ्यावरचं विमानच उंच आहे. पुढच्या शतकांत मात्र दारावरची गोपुरं वाढत गेली आणि गाभारा त्यांच्या आड गेला. गोपुराचा माथा लांबट असतो आणि त्यावर कळसांची रांग असते. एक कळस की रांग, एवढं दिसलं तरी अर्धं काम होतं.

आपल्या शेजारच्या गोव्यात हा नियम चकवतो. फोंडा तालुक्यातल्या मंगेशी किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळावर अष्टकोनी बैठकीचा घुमट आहे. अंगणात पांढरा, मजल्यामजल्यांचा, कमानींचा दीपस्तंभ उभा असतो. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चबांधणीची छाप त्यावर स्पष्ट दिसते, त्यामुळे नवख्याला तो चर्चचा घंटामनोराच वाटतो. अशा वेळी टोक पाहावं. तिथे क्रूस नसेल आणि पायथ्याशी तुळशीवृंदावन असेल, तर शंका उरत नाही. घाटावरची दीपमाळ वेगळी असते: निमुळता दगडी खांब आणि दिव्यांसाठी बाहेर काढलेले हात.

मिनारांमध्ये सर्वांत बोलका आकार उस्मानी तुर्कांचा. टोक केलेल्या पेन्सिलीसारखा सडपातळ, वर शिशाच्या पत्र्याची शंकूसारखी टोपी आणि मध्ये गोल सज्जा. मोरोक्कोत हाच मिनार चौकोनी आणि भक्कम होतो. माराकेशच्या बाराव्या शतकातल्या कुतुबिया मशिदीचा मिनार याचा उत्तम नमुना आहे. मुघल मिनाराच्या माथ्यावर छत्री असते.

पण मनोरा कोणी बांधला हे तो सांगतो. कुठे उभा आहे हे त्यावरून नेहमीच कळत नाही. कैरोचे जुने मिनार खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होत जातात. तरी तिथल्या किल्ल्यावरच्या मुहम्मद अलीच्या मशिदीला, एकोणिसाव्या शतकात, इस्तंबूलच्या धर्तीचे मिनार दिले गेले. तमिळ व्यापारी आणि मजूर गेले तिथे गोपूरही गेलं. सिंगापूरच्या श्री मारिअम्मन देवळाच्या दारावर ते आहे. म्हणून एकट्या मनोऱ्यावर विसंबू नये. एकाच चौकटीतले दोन-तीन मनोरे जुळवून पाहावेत.

समजा, डोंगरांनी वेढलेल्या एका शहराचा फोटो आहे. घरांमधून बरेच पेन्सिली मिनार वर आलेत, बहुतेक मशिदींना एकेकच, आणि मिनाराला सज्जाही एकच. हा उस्मानी मुलूख झाला, पण तो अनातोलियापासून बाल्कनपर्यंत पसरलेला. अनेक मिनारांच्या मशिदी सुलतान आणि त्याच्या घराण्याच्या असत. तशी एकही नसेल तर राजधानीपेक्षा प्रांतातलं शहर असण्याचा संभव जास्त. आता चर्च शोधावीत. एका चर्चच्या दर्शनी भिंतीवर दोन जुळे मनोरे आहेत, दोन्ही अणकुचीदार छपरांचे. ही घडण मध्य युरोपातल्या कॅथलिकांची. जवळच दुसऱ्या चर्चवर पाच घुमट आहेत, मधला मोठा आणि भोवती चार लहान, ही ऑर्थोडॉक्स पंथाची खूण. उस्मानी, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या तिन्ही खुणा इतक्या दाटीने एकत्र येतात तो प्रदेश म्हणजे बोस्निया. तिथे १८७८मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचा ताबा आला आणि साराजेव्होत जुळ्या मनोऱ्यांचं कॅथलिक कॅथीड्रल १८८९मध्ये उभं राहिलं. त्याच्या जवळच गाझी हुसरेव बेगची सोळाव्या शतकातली मशीद आहे आणि पाच घुमटांचं ऑर्थोडॉक्स कॅथीड्रलही.

शहर ठरलं की त्याच मनोऱ्यांवरून काळही काढता येतो. साराजेव्होच्या जुन्या बाजारपेठेच्या फोटोत मिनार आणि पाच घुमट दिसतात, पण जुळे मनोरे नाहीत, असं झालं तर फोटो १८८९च्या आधीचा असू शकतो. मात्र तसं म्हणण्याआधी कॅमेऱ्याची दिशा नकाशावर पडताळावी, कारण कॅथीड्रल चौकटीबाहेर राहिलेलं असलं तरीही फोटो असाच दिसेल.