टाकळघाटच्या कोळशाचं वय

घुग्घुसच्या खाणीतला दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा आहे. त्यात कार्बन-१४ नावालाही उरलेला नाही. चुलीतल्या कोळशाचं मात्र तसं नसतं. नागपूरजवळ, बुटीबोरीलगतच्या टाकळघाटला १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या लोहयुगीन वस्तीतल्या कोळशाचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि वय निघालं सुमारे अडीच हजार वर्षं.

हे कळतं कसं? अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेतल्या नायट्रोजनपासून सतत कार्बन-१४ बनतो. तो झाडात जातो, झाडातून जनावरांत आणि माणसांत. जीव गेला की नवी भर थांबते आणि असलेला साठा आटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा होतो. टाकळघाटच्या नमुन्यात मूळ साठ्याच्या जेमतेम तीन चतुर्थांश शिल्लक होता. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही, म्हणून सिरोंच्याच्या डायनोसॉरच्या हाडांना ही पद्धत लागू पडत नाही.

हाडाचं काम अधिक नाजूक. त्यातला चुना जमिनीतल्या पाण्याशी देवाणघेवाण करतो, म्हणून आम्लात तो विरघळवून कोलॅजन हे प्रथिन वेगळं काढतात आणि त्याचंच वय मोजतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत ते बरेचदा नष्ट झालेलं असतं. मग हाड समोर असूनही तारीख मिळत नाही.

लाकूडही फसवतं. सागवानाचा गाभा बाहेरच्या सालीपेक्षा शंभर-दोनशे वर्षं जुना असू शकतो. गाभ्याच्या कोळशाचं वय म्हणजे तो गाभा वाढला तेव्हाचं वय, चूल पेटली तेव्हाचं नव्हे. म्हणून जाणते उत्खनक जळलेलं धान्य किंवा बारीक डहाळ्या शोधतात. आता अतिसूक्ष्म मोजणीच्या यंत्रांना काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो, त्यामुळे एखादा दाणाही चालतो.

विदर्भाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण सर्वकाळ सारखं नव्हतं. त्यामुळे मोजलेलं वय झाडांच्या वर्षकड्यांवरून बांधलेल्या आलेखाशी ताडून पाहावं लागतं. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा आलेख जवळपास सपाट आहे: त्या चारशे वर्षांतल्या कुठल्याही लाकडाचं मोजलेलं वय साधारण सारखंच येतं. टाकळघाटसाठी जुन्या पुस्तकांत इ.स.पू. ५५५ आणि ६१५ असे आकडे, शंभरेक वर्षांच्या फरकाच्या मुभेसह, छापलेले दिसतात. आज ते इतके नेमके वाचणं बरोबर नाही. टाकळघाटच्या, शिलावर्तुळं उभारणाऱ्या लोकांचा काळ इ.स.पू. ८०० ते ४००च्या दरम्यान, इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. एकमेकांवरच्या थरांतून बरेच नमुने घेतले, की ही पट्टी थोडी अरुंद होते.

घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. दगडी कोळशाचा कार्बन मृत असल्यामुळे नमुन्यातला शंभरातला एक भाग जरी तो असला, तरी वय सुमारे ऐंशी वर्षांनी वाढतं. आम्ल आणि अल्कलीच्या धुलाईत मातीतलं बरंच काही निघून जातं, पण दगडी कोळशाचे कण तसेच चिकटून राहतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली वेचावे लागतात.

म्हणून वर्धा किंवा पैनगंगेच्या काठी जुनं हाड वा लाकूड सापडलं, तर ते धुऊ नका, डिंक लावू नका, शक्यतो हलवूही नका. जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.