बारा एएम म्हणजे नेमके किती?

मुलुंडच्या आजी न्यू जर्सीतल्या नातीला 'शनिवारी १२ पीएम' असा निरोप धाडतात. आजींच्या मनात मध्यरात्र असते. फोन मात्र १२ पीएम म्हणजे दुपार धरतो.

घोळ बाराच्या आकड्यातच आहे. ११:५९ एएमनंतर लगेच १२:०० पीएम येते: अक्षरे बदलतात, पण आकडे एकपासून सुरू व्हायला अजून तास असतो.

चोवीस तासांच्या पद्धतीत दुपार १२:००, मध्यरात्र ००:००. उन्हाळ्यात न्यू जर्सी साडेनऊ तास मागे. शनिवारी १२:०० म्हणजे तिथे ०२:३०, नात गाढ झोपेत! शनिवारी ००:०० म्हणजे तिथे शुक्रवारी १४:३०.

तारखेचा प्रश्न मात्र उरतोच. रेल्वे तिकिटावर १५ तारखेची ००:१० असेल, तर घाटकोपरहून १४च्या रात्रीच निघावे लागते.