नऊ पगार आणि एक लॅपटॉप

माझी भाची पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हातात येणारा पगार चोवीस हजार. गेल्या ऑगस्टमध्ये तिने अकाउंटिंगच्या संध्याकाळच्या कोर्सची चौकशी केली. वर्ग १ जुलैला सुरू होणार होते आणि स्वतःचा लॅपटॉप लागणार होता. दुकानात तिला आवडलेला लॅपटॉप ५५,००० रुपयांचा होता. बॅग आणि माउसचे आणखी २,००० धरले. जवळ ९,००० होते, म्हणजे जमवायचे राहिले ४८,०००.

ती म्हणाली, "मामा, दहा महिने आहेत. महिन्याला ४,८०० टाकले की झालं."

मी तिला महिने न मोजता पगार मोजायला सांगितलं. तिचा पगार ७ तारखेला होतो. सप्टेंबर ते जून असे दहा पगार हाती येणार, पण त्यातला दिवाळीचा पगार घरी जाण्यात आणि देण्याघेण्यात संपतो, हे दोघांनाही माहीत होतं. तो आधीच वगळला तर उरले नऊ. ४८,००० भागिले नऊ, म्हणजे साधारण ५,४०० रुपये. पहिल्या हिशेबापेक्षा दरमहा सहाशे जास्त. ही सहाशेची तफावत कागदावर दिसली नसती, तर नोव्हेंबरात पहिला हप्ता चुकला असता, आणि एकदा चुकलेल्या हप्त्यानंतर बहुतेकांची वहीच बंद होते.

मग तिच्या बँकेचं आणि यूपीआयचं मागच्या महिन्याचं स्टेटमेंट काढलं. कॉट बेसिसवरची खोली आणि मेस ९,७००, बस आणि मोबाइल १,८००, घरी पाठवायचे ५,०००. बेरीज १६,५००. उरले ७,५००. त्यातले ४,३०० चहा, बाहेरचं खाणं, कपडे, मैत्रिणींचे वाढदिवस अशा लहान लहान पेमेंटमध्ये गेले होते. खरोखर शिल्लक फक्त ३,२००. हवे होते ५,४००.

अशा वेळी बहुतेक लोक डोळे मिटून "काटकसर करू" म्हणतात. ४,३०० मधले २,२०० कापायचे म्हणजे निम्मा खर्च बंद, आणि तोही दहा महिने. ते टिकत नाही. या गणितात हलवता येण्यासारख्या गोष्टी तीनच: किंमत, तारीख आणि महिन्याची रक्कम. मी तिला किंमतीपासून सुरुवात करायला सांगितलं, कारण तिथे एकदाच निर्णय घ्यावा लागतो. खर्चाशी मात्र रोज झगडावं लागतं.

तिने क्लासमध्ये जाऊन विचारलं. तिथे शिकवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नव्हतं. आवडलेल्या लॅपटॉपची किंमत त्याच्यामुळेच वाढली होती. कामापुरता लॅपटॉप ४२,००० ला मिळत होता. ही रोजची किंमत धरली. सेलमधली किंमत धरू दिली नाही, कारण गरज लागेल तेव्हा सेल असेलच असं नाही. आता जमवायचे ३५,०००, म्हणजे पगारामागे ३,९००. कमी पडत होते ७००. आठवड्यातून दोनदा येणारं ऑनलाइन जेवण एकदाच मागवायचं ठरवून ते भागलं.

पैसे कुठे ठेवायचे हा पुढचा प्रश्न. तिच्या मनात पोस्टाची आरडी होती, पण तिची मुदत पाच वर्षांची असते. कमी मुदतीच्या बँकेच्या आरडीतही एवढ्या रकमेवर सहा टक्क्यांनी सगळं मिळून हजाराच्या आसपासच व्याज मिळालं असतं. त्यासाठी बँका धुंडाळण्यात अर्थ नव्हता. तिने किमान शिलकीची अट नसलेलं दुसरं बचत खातं उघडलं, ते यूपीआयला जोडलं नाही, आणि ८ तारखेला ३,९०० आपोआप तिकडे जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवली. महिनाअखेर उरेल ते टाकण्यात आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी टाकण्यात फार फरक आहे, कारण महिनाअखेरीला काही उरतच नाही.

डिसेंबरात खात्यात २०,७०० झाले: आधीचे ९,००० आणि तीन हप्ते. जानेवारीत दाढ दुखली, रूट कॅनालला ४,००० गेले आणि हप्ता राहिला. तिला वाटलं, सगळं बिघडलं. आम्ही पुन्हा भागाकार केला. ४४,००० मधून २०,७०० वजा केले, राहिले २३,३००. फेब्रुवारी ते जून पाच पगार; प्रत्येकी ४,६६०. हे तिला झेपणारं नव्हतं. म्हणून या वेळी तिने तारीख हलवता येते का पाहिलं. क्लासमध्ये चौकशी केल्यावर कळलं की पहिले दोन आठवडे फळ्यावरच शिकवतात. जुलैचा पगार धरला की हप्ते झाले सहा, आणि रक्कम पुन्हा ३,९०० वर आली.

मधल्या काळात दुकानदाराने बिनव्याजी हप्त्यांचा पर्याय पुढे केला होता. तिने फक्त एकच विचारलं, सगळे पैसे एकदम दिले तर किंमत किती? ती १,५०० ने कमी निघाली, शिवाय हप्त्यांवर प्रोसेसिंग फी वेगळी होती.

८ जुलैला शेवटचे ३,९०० गेले आणि खात्यात ४४,१०० झाले. लॅपटॉप तिने त्याच शनिवारी आणला.