मिसळीचा कोणता फोटो मेन्यूवर घ्यावा?

मिसळ दिसायला तशी अवघड बाई. तळाला उसळ, वर फरसाण, त्यावर कांदा-कोथिंबीर आणि सगळ्यांत मोलाची ती लाल तर्री. जिच्यासाठी गिऱ्हाईक येतं तीच फोटोत नीट येत नाही. समजा, एका मिसळीच्या हॉटेलला नवं मेन्यूकार्ड छापायचं आहे आणि फोटोग्राफरने चार फोटो पाठवलेत. मालक ते मोबाइलवर बोटांनी मोठे करून बघतात, आणि निवड चुकायला तिथूनच सुरुवात होते. कार्डावर हा फोटो दोन इंचांचा असणार, म्हणून चारही फोटो आधी तेवढेच लहान करून, एकाखाली एक लावून बघावेत.

पहिला फोटो बरोब्बर वरून काढलेला आहे. थाळीला हा कोन शोभतो, कारण तिच्यातल्या वाट्या, पोळी, कोशिंबीर सगळं एका पातळीत पसरलेलं असतं. मिसळीची मजा मात्र तिच्या खोलीत आहे. वरून पाहिलं की वाटीची उंची नाहीशी होते, फरसाणाचा ढीग चपटा होतो आणि दोन इंचांत उरतो तो एक तपकिरी गोल. इथे जेवायला बसलेल्या माणसाच्या नजरेचा, साधारण ४५ अंशांचा कोन हवा. त्यात वाटीची कड, फरसाणाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी साचलेली तर्री तिन्ही एकदम दिसतात. बर्गरसारख्या उंच पदार्थांना कॅमेरा याहूनही खाली आणावा लागतो.

दुसऱ्या फोटोचा कोन बरोबर आहे, पण तो फ्लॅश मारून काढलाय. समोरून पडलेला उजेड सावल्या पुसून टाकतो, त्यामुळे शेव आणि पाव दोन्ही सपाट दिसतात. तर्रीच्या मधोमध एक पांढरा डाग पडतो तो वेगळाच. तेलाचा तवंग हा एक प्रकारचा आरसाच असतो. उजेड ज्या बाजूने येईल त्यावर तो काय दाखवणार हे ठरतं. खिडकी ताटाच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला असली आणि तिच्यावर पांढरा पातळ पडदा किंवा बटर पेपर लावला, तर तवंगावर मऊ, लांबट चमक येते. ती चमक म्हणजेच ‘गरम आहे’ असं डोळ्यांना सांगणारी खूण. पुढची बाजू काळवंडली तर समोर एक पांढरा पुठ्ठा धरला की भागतं. फोटो निवडताना पावाकडे बघावं: एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला हलकी सावली असेल तर प्रकाश जमलाय.

तिसरा फोटो मालकांना सर्वांत आवडलेला, कारण त्यातली तर्री पेटल्यासारखी लाल आहे. मोबाइलवर रंग गडद करून तो तसा केलेला असतो. लाल एका मर्यादेपलीकडे ओढला की त्यातले बारकावे संपतात. तवंग, रस्सा आणि मटकी यांची एकच लाल चादर होते. शिवाय पडद्यावरचा हा झगझगीत लाल छपाईच्या चार शाईंना पेलत नाही, कागदावर तो मळकट विटकरी होऊन बसतो. रंग खरा आहे का हे तर्रीकडे बघून कळणार नाही. त्यासाठी कांदा बघावा. कांद्याची फोड पिवळट असेल तर साध्या बल्बचा रंग सगळ्यावर चढलाय, हिरवट असेल तर ट्यूबलाइटचा. कांदा पांढरा, लिंबू पिवळं आणि कोथिंबीर ताजी हिरवी दिसत असेल, तर लालही भरवशाचा समजावा.

चौथा फोटो जरा शांत आहे. कोन ४५ अंशांचा, खिडकीचा उजेड डावीकडून, मागे साधं लाकडी टेबल, बाजूला दोनच पाव. लिंबाची फोड मात्र चौकटीच्या कडेला अर्धवट कापली गेलीय. ती थोडी आत घेण्याइतकी जागा फोटोत नाही, तेव्हा कापून पूर्णच काढलेली बरी. दोन इंचांत ही मिसळ आहे हे लांबूनही कळतं. निवड हिचीच.

तरी एक गोष्ट झूम करून बघायलाच हवी: फरसाण. रस्सा ओतल्यावर शेव काही मिनिटांत फुगते, कडा गळतात आणि तर्री फरसाणात मुरून जाते. फोटोग्राफर कोन शोधत बसला असेल तर कॅमेऱ्यात येते ती शिळावलेली मिसळ. शेवेचे टोक स्वतंत्र, टोकदार दिसत नसेल तर रंग-प्रकाश कितीही चांगला असो, तो फोटो बाद करून नवी वाटी भरावी. फरसाण आणि तर्री सगळी मांडामांड झाल्यावर, अगदी शेवटी घालावी. वाटीही रोजचीच घ्यावी आणि फरसाण रोजच्या मापाचंच. फोटोत डोंगर आणि टेबलावर टेकडी आली की पहिली तक्रार वेटरला ऐकावी लागते.

छपाईला देण्याआधी त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसह एक नमुना काढून घ्यावा आणि तो छापखान्यात न बघता हॉटेलात, संध्याकाळच्या दिव्यांखाली बघावा. तिथे रस्सा काळपट वाटला, तर फोटो थोडा उजळ करून दुसरा नमुना मागवावा.