खुब्याच्या ऑपरेशननंतर कमोड किती उंच हवा?

खुब्याचा सांधा बदलून आई घरी येणार असते, तेव्हा पलंगाची तयारी आधी होते. खरी अडचण येते ती संडासात. नेहमीचा कमोड बुटका असतो. त्यावर बसताना गुडघे कमरेच्या वर जातात आणि खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो. काही प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे आठवडे असे वाकल्याने नवा सांधा निखळू शकतो. ही काळजी किती दिवस घ्यायची, हे सर्जनना विचारून घ्या.

म्हणून खरेदीआधी टेप घ्या. रुग्णाला खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचे अंतर मोजा. बैठक त्याहून साधारण ५ सेंमी उंच हवी. समजा, हे अंतर ४३ सेंमी आहे, म्हणजे ४८ सेंमी बैठक हवी. घरचा कमोड सीटसह ३९ सेंमी भरला, तर १० सेंमी म्हणजे ४ इंची ‘रेझ्ड सीट’ पुरते. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील, तर सीट जास्त उंच झाली आहे.

बाजूला हात असलेली आणि स्क्रूने घट्ट बसणारी सीट घ्या. बसवल्यावर दोन्ही हातांनी हलवून पाहा. जराही सरकत असेल, तर रुग्णाला बसवू नका. उठताना ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवून, सीटच्या हातांवर भार देऊन उठायचे. नळ, बेसिन किंवा टॉवेलचा दांडा धरायचा नाही, तो निखळून येतो.

घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल, किंवा रात्री तिथपर्यंत चालणे शक्य नसेल, तर भांडे असलेली कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. तिची उंचीही याच मापाने ठरवा आणि चारही पाय सारख्याच भोकात बसवा. स्वतः उठून बसणाऱ्यांना रबरी बूच असलेली, बिनचाकांची खुर्ची जास्त स्थिर असते. ढकलून न्यायची असेल तर चाकांची घ्या, पण बसण्या-उठण्याआधी ब्रेक लावा. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आणि फ्लॅटमध्ये न्हाणीघराचे दार अरुंद असते. चौकटीतली मोकळी जागा मोजा आणि उंबरठाही पाहा.

आंघोळीच्या खुर्चीलाही हेच माप लागू होते. तिला पाठ, हात आणि पाणी निचरण्याची भोके हवीत. साधी प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर सरकते.

गरज काही आठवड्यांचीच असेल, तर ही साधने पुण्यात भाड्यानेही मिळतात. घेताना टेप सोबत न्या.

बसताना किंवा उठताना खुब्यात अचानक तीव्र कळ आली, पाय आखूड किंवा वळलेला दिसला, किंवा त्यावर भार देता येईना, तर उठवण्याचा प्रयत्न करू नका. आहे तिथेच आधार देऊन लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.